‘मी’ म्हणजे कोण? ऐकलेले पुढे सांगताना

(फोंडा तालुक्यातील एका ग्रंथालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहोदय, ग्रंथालयाचे कार्यकर्ते आणि मित्रहो,

‘तो येतो म्हणाला.’ या तीन शब्दांच्या वाक्यावर एक अख्खे व्याख्यान बेतले आहे, हे पत्रिकेवर वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु आपण गोव्यात राहतो. घरात मराठी किंवा कोंकणी, बाजारात कोंकणी, कचेरीत इंग्रजी आणि आजोबांच्या पेटीतल्या कागदांत पोर्तुगीज, असा आपला व्यवहार आहे. दुसऱ्याचे बोलणे तिसऱ्याला सांगण्याची वेळ दिवसातून अनेकदा येते आणि बहुतेक वेळा ते सांगताना भाषाही बदलते. दस्तऐवजांच्या भाषांतराचे काम करताना माझ्या ध्यानात आले आहे की कठीण शब्दांमुळे होणारे घोटाळे लवकर पकडले जातात, कारण तेथे भाषांतरकार थांबतो आणि कोश उघडतो. ‘तो म्हणाला की मी अमुक केले’ अशा साध्या वाक्यापाशी मात्र कोणी थांबत नाही, आणि म्हणूनच तेथे झालेला घोटाळा वर्षानुवर्षे कागदात तसाच राहतो.

आज तीन गोष्टी सांगण्याचे मी कबूल केले आहे. दुसऱ्याचे बोलणे सांगताना ‘मी’ कोणाचा असतो, ही पहिली. त्या बोलण्यातला काळ आणि ‘उद्या’सारखे शब्द कोठून मोजायचे, ही दुसरी. आणि सांगणारा त्या बोलण्याची हमी घेतो की नाही, ही तिसरी. पहिली गोष्ट मला अधिक जवळची असल्यामुळे तेथे थोडा अधिक वेळ घेईन.

इंग्रजी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने प्रत्यक्ष कथन आणि अप्रत्यक्ष कथन यांचे तक्ते पाठ केलेले आहेत. अवतरणचिन्हे काढायची, ‘दॅट’ घालायचे, ‘आय’चा ‘ही’ करायचा, ‘विल’चा ‘वुड’ करायचा आणि ‘टुमॉरो’चा ‘द नेक्स्ट डे’ करायचा. इंग्रजीत एकदा ‘दॅट’ आले की त्यापुढचे सगळे सांगणाऱ्याच्या जागेवरून पाहिले जाते. मूळ बोलणारा बाजूला होतो आणि त्याचा ‘मी’, त्याचा ‘आता’, त्याचा ‘येथे’ हे सगळे सांगणाऱ्याच्या हिशोबाने बदलते. आपल्या शाळांमध्ये मराठीचे व्याकरण शिकवतानाही हाच तक्ता पुढे ठेवला जातो. मराठी मात्र तशी चालत नाही.

संस्कृतात ‘इति’ होता. ‘अहं गमिष्यामि’ असे जे कोणी म्हटले असेल ते जसेच्या तसे सांगायचे आणि शेवटी ‘इति’ ठेवायचा. तो ‘इति’ म्हणजेच बोलण्याची सीमा. मराठीने हे काम ‘असे’ आणि ‘म्हणून’ या शब्दांवर सोपवले. ‘मी येतो असे तो म्हणाला’, ‘येतो म्हणून सांगून गेला’ ही वाक्ये त्याच जातीची आहेत. कोंकणीतही ‘येतलों म्हूण सांगलें’ असेच चालते. बोलणे आधी येते आणि ते कोणाचे हे नंतर कळते. पुढे मराठीत ‘की’ आला, तो फारसीतून आला असे सामान्यतः मानले जाते. त्याच्यामुळे ‘तो म्हणाला की मी येतो’ अशी दुसरी रचना रूढ झाली. पोर्तुगीजमध्येही याच जागी ‘के’ येतो, आणि त्याचा उच्चार आपल्या ‘की’च्या इतका जवळचा आहे की आमच्या भागातल्या काही जुन्या मंडळींना तो शब्द पोर्तुगीजांनीच दिला असे वाटत असे. प्रत्यक्षात पोर्तुगीज येथे येण्यापूर्वीच दख्खनमध्ये फारसीचा राबता होता.

आता ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, मराठीत ‘की’ आल्यावरही आतला ‘मी’ बदलत नाही. ‘तो म्हणाला की मी येतो’ या वाक्यात येणारा ‘तो’च असतो. आपल्यापैकी कोणालाही या वाक्याचा अर्थ विचारला तर तो क्षणाचाही विलंब न लावता हाच अर्थ सांगेल. परंतु दुसरा अर्थही व्याकरणाने बंद केलेला नाही. ‘तो सगळ्यांना सांगत सुटला की मी कंजूष आहे’ या वाक्यात कंजूष कोण? येथे बहुधा सांगणारा स्वतःच, कारण स्वतःच्या कंजूषपणाची दवंडी कोणी पिटत नाही. म्हणजे ‘मी’ कोणाचा, याचा निर्णय आपण प्रसंगावरून, आवाजाच्या चढउतारावरून आणि माणसाच्या स्वभावावरून करतो. बोलताना सांगणारा दुसऱ्याच्या आवाजाची नक्कल करतो, मान वळवतो, आणि श्रोत्याला कळते की आता दुसरा बोलतो आहे. कागदावर हे काहीच उरत नाही. जुन्या मोडी कागदांत तर विरामचिन्हेही नसत. अवतरणचिन्हांची सवय मराठीला छापखान्याबरोबर लागली.

मग कागदावर उरते काय? क्रियापदाचा शेवट. माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा हा आहे. ‘तो येईन म्हणाला’ आणि ‘तो येईल म्हणाला’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. पहिल्या वाक्यात ‘मी’ हा शब्द कोठेही नाही, परंतु ‘येईन’मधल्या ‘न’ने मूळ बोलणाऱ्याचा ‘मी’ जपून ठेवला आहे. जो म्हणाला तोच येणार आहे. दुसऱ्या वाक्यात सामान्यतः म्हणणारा वेगळा आणि येणारा वेगळा असतो. एका अक्षराने माणूस बदलला. ‘आलो म्हणाला’ आणि ‘आला म्हणाला’ यांतही हाच फरक आहे. कोंकणीत हा फरक त्याहून नाजूक आहे. ‘येतलों म्हूण सांगलें’ म्हटले तर स्वतः येणार, आणि ‘येतलो म्हूण सांगलें’ म्हटले तर दुसरा कोणी येणार. दोहोंत अंतर आहे ते केवळ एका अनुस्वाराचे. रोमी लिपीत लिहिणारे त्या जागी शेवटी एम हे अक्षर घालतात, आणि घाईत लिहिताना ते अक्षर गळते. दूरध्वनीवर आवाज खरखरत असेल तर अनुस्वार ऐकूही येत नाही.

परंतु हा साक्षीदार प्रत्येक वेळी हजर नसतो. ‘मी येतो’ आणि ‘तो येतो’ यांत क्रियापद एकच आहे, म्हणून ‘येतो म्हणाला’मध्ये शेवटावरून काहीच कळत नाही. बाईच्या तोंडी ‘येते’ असेल तरीही तीच अडचण. आणि सर्वांत अवघड जागा आहे ती सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळाची. ‘मी पैसे दिले’, ‘त्याने पैसे दिले’, ‘तिने पैसे दिले’ यांत क्रियापद पैशांप्रमाणे चालते, देणाऱ्याप्रमाणे नाही. व्याकरणात आपण याला कर्मणी प्रयोग म्हणतो. त्यामुळे ‘तो म्हणाला की पैसे दिले’ या वाक्यात देणाऱ्याचा माग क्रियापदातून पूर्णपणे पुसला गेलेला असतो. आणि जगातले बहुतेक तंटे दिले, घेतले, केले, लिहिले, विकले याच क्रियापदांवरून होतात, हे कचेरीत काम केलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

याचे एक उदाहरण सविस्तर सांगतो. अंत्रुज महालातील एका सामाईक घराची ही हकीकत आहे. घराचे नाव सांगत नाही आणि ज्या कचेरीत कागद तयार झाला तिचेही सांगत नाही. घरातला थोरला भाऊ पूर्वीच लिस्बनला गेलेला, आणि आता त्याची मुले तेथे आहेत. घरात धाकट्या भावाची विधवा पत्नी, जिला सगळे काकी म्हणत, आणि मधल्या भावाचा मुलगा, म्हणजे काकींचा पुतण्या. मिरगापूर्वी घराची शाकारणी करायची होती. कौले उतरवली तेव्हा वासे आणि रीपा वाळवीने खाल्ल्याचे दिसले आणि सुताराचे काम वाढले. लिस्बनच्या मंडळींनी कळवले की खर्च ज्याने केला त्याला आम्ही आमचा निम्मा वाटा पाठवू, मात्र खर्च कोणी केला याचा एक लेखी जबाब पाठवा. पुढे मालमत्तेच्या वाटणीतही तो कागद लागणार होता, म्हणून तो इंग्रजीत करायचे ठरले.

काकी कचेरीत गेल्या आणि त्यांनी मराठीत सांगितले, ते असे: ‘तो आला आणि म्हणाला की मी सुताराला पैसे दिले. मी विचारलं, कधी दिलेस? तर म्हणाला, परवाच दिले.’ या बोलण्यात कोणाही मराठी माणसाला काही शंका येण्याचे कारण नाही. पैसे पुतण्याने दिले. लिहून घेणाऱ्याने ‘की’च्या जागी ‘दॅट’ घातले आणि ‘मी’च्या जागी ‘आय’ घातले. इंग्रजी कागदावर उमटले ते असे: ‘ही केम अँड टोल्ड मी दॅट आय हॅड पेड द कार्पेंटर.’ इंग्रजी ‘दॅट’ आतला ‘मी’ सांगणाऱ्याकडे नेतो हे आपण पाहिले. सांगणाऱ्या काकी होत्या, म्हणून या वाक्याप्रमाणे पैसे काकींनी दिले. पुढचे वाक्यही इंग्रजीत आले, परंतु ‘कधी दिलेस’ याचे भाषांतर ‘आय आस्क्ड व्हेन इट वॉज पेड’ असे झाले.

हे वाक्य चुकीचे असूनही कोणाच्या डोळ्यांत का खुपले नाही, हे सांगणे मला महत्त्वाचे वाटते. व्याकरणाच्या दृष्टीने ते निर्दोष आहे आणि अर्थाच्या दृष्टीने शक्य आहे. अशुद्ध वाक्य वाचणाऱ्याला अडवते, शुद्ध वाक्य अडवत नाही. आणि याहून मोठी गोष्ट म्हणजे, जबाब काकींना रीतीप्रमाणे वाचूनही दाखवला गेला. कचेरीतल्या माणसाने इंग्रजी कागद हातात धरून तो शब्दशः मराठीत सांगितला: ‘तो आला आणि म्हणाला की मी सुताराला पैसे दिले.’ काकींनी मान डोलावली आणि सही केली. त्या मान डोलावणार नाहीत तर काय करतील? त्यांचेच वाक्य त्यांच्यापुढे परत आले होते. चुकीने केलेले भाषांतर त्याच चुकीने उलटे केले की मूळ वाक्य हुबेहूब हाती येते, आणि तपासणी पार पडल्याचे समाधान सर्वांना मिळते. भाषांतर उलटे करून पडताळावे, हा सल्ला अनेक जण देतात. ‘मी’च्या बाबतीत ती पडताळणी काहीही सिद्ध करत नाही, हे मला आपल्याला आग्रहाने सांगायचे आहे.

कागद लिस्बनला गेला. तेथे त्याचे पोर्तुगीज भाषांतर झाले. पोर्तुगीजची एक खुबी अशी की, तिच्या अशा भूतकाळी रूपांत ‘मी’ आणि ‘तो’ एकाच रूपात येतात. ‘तिन्या पागु’ म्हणजे ‘मी दिले होते’ आणि ‘त्याने दिले होते’ हे दोन्ही. बोलताना कर्ता गाळण्याची रीत असल्यामुळे ‘दिस्स-म के तिन्या पागु’ एवढेच लिहिले असते तर वाक्य दोन्ही बाजूंनी उघडे राहिले असते, आणि घरच्या माणसांनी कदाचित बरोबर अर्थही लावला असता. परंतु भाषांतरकार काळजीपूर्वक काम करणारा होता. इंग्रजीत ‘आय’ स्पष्ट होते, म्हणून त्याने ‘एउ’, म्हणजे ‘मी’, हा शब्द मुद्दाम घातला आणि उरलेली फटही बुजवली.

त्याप्रमाणे वाट्याची रक्कम काकींच्या खात्यावर आली. काकींना वाटले की पुढच्या कामासाठी आगाऊ पाठवली असेल. पुतण्याला वाटले की आपण दिलेले पैसे काकींनी स्वतःच्या नावावर सांगितले. एकाच छपराखाली राहणारी ही दोन माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली. सणाच्या दिवसांत देवाची पूजाही दोन वेगळ्या वेळी होऊ लागली. हा सगळा कलह एका सर्वनामाचा होता, हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते, आणि ज्यांनी तो कागद केला त्यांना आजही ठाऊक नसेल. या गोष्टीची मला खरोखर चीड येते. जबाब घेणे हे जबाबदारीचे काम आहे, आणि ते करणाऱ्याला दोन भाषांतला हा फरक कोणीच शिकवत नाही.

कागद माझ्याकडे वाटणीच्या कामासाठी आला तेव्हा मला संशय आला तो दुसऱ्या वाक्यावरून. पैसे काकींनीच दिले असतील तर ‘पैसे कधी दिले गेले’ असे त्या पुतण्याला का विचारतील? म्हणून मी काकींना विनंती केली की झालेले सगळे पुन्हा त्यांच्या शब्दांत सांगावे, आणि मध्ये कोणी बोलू नये. पहिले वाक्य पूर्वीप्रमाणेच आले आणि त्यावरून काही ठरले नसते. पण त्यांनी पुढे सांगितले, ‘मी विचारलं, कधी दिलेस?’ तेथे उलगडा झाला. ‘दिले’मध्ये देणाऱ्याचा माग राहत नाही असे मी मघाशी म्हटले, त्याला एक अपवाद आहे. देणारा ‘तू’ असेल तर क्रियापदाला ‘स’ लागतो: तू दिलेस, तू केलेस, तू विकलेस. तो ‘स’ म्हणजे समोरच्याने दिल्याचा पुरावा. इंग्रजी कागदात कर्मणी रचना करून नेमका तोच गाळला गेला होता.

म्हणून जबाब लिहिणाऱ्यांना माझे सांगणे असते की, संवादातले एकच वाक्य उचलू नका. त्यामागून आलेला प्रश्न आणि उत्तर घ्या, कारण ‘मी’ पहिल्या वाक्यात अंधूक असला तरी दुसऱ्या वाक्यातल्या ‘तू’ने तो स्पष्ट होतो. न्यायालयांत ही अडचण अधिक येते, कारण तेथे साक्ष बहुधा सलग कथनाच्या रूपात लिहिली जाते. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 276 व्या कलमात सत्र न्यायालयापुढील साक्षीबद्दल तसे म्हटले होते. मात्र न्यायाधीशांना योग्य वाटल्यास एखादा भाग प्रश्नोत्तरांच्या रूपात घेण्याची मुभाही त्याच कलमात होती. ती संहिता बदलून 1 जुलै 2024 पासून नवी संहिता लागू झाली असली तरी लिहिण्याची जुनी सवय लगेच जाणारी नाही. ज्या जबाबात ‘तो म्हणाला’ येते, तेथे प्रश्नोत्तरांची मुभा आवर्जून वापरावी, असे मला वाटते.

मराठीत या ‘मी’वर एक चांगला तोडगा आहे आणि तो आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो: ‘आपण उद्या येणार असल्याचे त्याने सांगितले.’ येथला ‘आपण’ म्हणजे आदरार्थी ‘तुम्ही’ नव्हे आणि सगळ्यांना कवेत घेणारा ‘आपण’ही नव्हे. ज्याचे बोलणे सांगितले जात आहे तोच हा ‘आपण’. कोंकणीत ‘आपूण’ हेच काम करतो. इंग्रजीला ही सोय नाही. तिच्या ‘ही सेड ही पेड’ या वाक्यात पहिला ‘ही’ आणि दुसरा ‘ही’ एकच की वेगळे हे सांगता येत नाही. काकींचा जबाब आधी मराठीत ‘आपण सुताराला पैसे दिल्याचे त्याने मला सांगितले’ असा लिहिला असता, तर इंग्रजी करणाऱ्याला ‘आय’ लिहिणे शक्यच झाले नसते. अर्थात ‘आपण’लाही मर्यादा आहे. समोर वडीलधारे माणूस बसलेले असताना ‘आपण पैसे दिल्याचे तो म्हणाला’ असे बोललात तर ते माणूस स्वतःकडे पाहू लागेल. म्हणून हा तोडगा लिखाणात चालतो, बोलण्यात जपून वापरावा लागतो.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, आणि कबूल केलेल्या तीन गोष्टींपैकी माझी एकच झाली आहे. उरलेल्या दोन थोडक्यात सांगतो.

काळाविषयी. मराठीत आतल्या वाक्याचा काळ मूळ बोलणाऱ्याचाच राहतो. ‘येतो म्हणाला’, ‘येईन म्हणाला’, ‘येणार आहे म्हणाला’ या तिन्हींत वजन वेगळे आहे. ‘येतो’ हा शब्द दिल्यासारखा आहे, ‘येईन’मध्ये जमल्यास असा सूर असू शकतो, आणि ‘येणार आहे’मध्ये बेत आधीच ठरलेला असतो. इंग्रजीत या तिन्हींचे ‘ही सेड ही वुड कम’ होते आणि पुष्कळदा ते ऐकणाऱ्याला वाटते की म्हणाला होता, पण आला नसावा. येणे अजून बाकी असेल तर इंग्रजीतही ‘ही सेज ही इज कमिंग’ म्हणता येते, आणि पोर्तुगीजमध्येही ‘दिस्स के व्हीन्या’ऐवजी वर्तमानकाळी रूप वापरता येते, ही सोय भाषांतरकारांनी अधिक वापरावी. उलट दिशेने येताना चूक वेगळी होते. ‘ही सेड ही वॉज इल’ याचे ‘तो आजारी होता असे तो म्हणाला’ असे मराठी आपण सर्रास वाचतो. बोलताना तो आजारीच असेल तर त्याने ‘मी आजारी आहे’ असेच म्हटले असणार, म्हणून मराठीत ‘आहे’च हवे. ‘होता’ म्हटले की तो बोलण्यापूर्वीच बरा झाला असा अर्थ निघतो.

जुन्या पोर्तुगीज नोटरी-दस्तांत या चुकीला पैशांची किंमत असते. तेथे पक्षकाराचे म्हणणे ‘फोइ दितु के’, म्हणजे ‘असे सांगण्यात आले की’, अशा सूत्राने येते आणि त्यामागे ‘व्हेंदीया’सारखे क्रियापद येते. नवखा भाषांतरकार त्याचे ‘तो विकत होता’ असे करतो, आणि वाचणाऱ्याला वाटते की व्यवहार अर्धवट राहिला. मूळ माणूस नोटरीपुढे ‘मी विकतो’ असे म्हणाला होता आणि त्या क्षणी विक्री झाली होती. ‘के’मागून आल्यामुळे काळ एक पायरी मागे सरकला, एवढेच. मराठीत तेथे ‘आपण ही जमीन विकत असल्याचे त्याने सांगितले’ किंवा सरळ ‘मी ही जमीन विकतो, असे त्याने सांगितले’ असे हवे. दस्ताचा उरलेला मजकूर पाहावा: किंमत पोहोचल्याचे आणि ताबा दिल्याचे लिहिले असेल तर ‘विकत होता’ हे भाषांतर चुकले आहे असे समजावे.

‘उद्या’चेही असेच. सोमवारी कोणी ‘उद्या येतो’ म्हणाला आणि ते बुधवारी सांगताना ‘उद्या येतो म्हणाला’ असेच सांगितले, तर ऐकणारा गुरुवारी वाट पाहत बसेल. ‘परवा’ तर मागेही जातो आणि पुढेही. लिहिताना मूळ शब्द ठेवावा आणि शेजारी कंसात वार किंवा तारीख घालावी. दोहोंपैकी एक गाळू नये.

शेवटची गोष्ट हमीची. ‘तो येणार म्हणे’ आणि ‘तो येतलो खंय’ या वाक्यांत सांगणारा स्वतःचे हात मोकळे ठेवतो: हे माझ्या कानावर आले आहे, मी पाहिलेले नाही. कोंकणीतला हा ‘खंय’ प्रश्नातल्या ‘कोठे’ या अर्थाच्या ‘खंय’पेक्षा वेगळा आहे आणि वाक्याच्या शेवटी येतो. इंग्रजीत आणि पोर्तुगीजमध्ये या जागी एवढा लहानसा, रोजच्या बोलण्यातला शब्द नाही, म्हणून लिहून घेणारा तो सोडून देतो आणि कागदावर ‘तो येणार आहे’ एवढेच उरते. साक्षीदाराने ऐकलेले सांगितले होते, कागद मात्र पाहिल्यासारखे बोलतो. 1872 च्या पुरावा कायद्याच्या 60 व्या कलमाचा सगळा भर तोंडी पुरावा प्रत्यक्ष असावा यावर होता. अशा वेळी ‘म्हणे’ गाळणे म्हणजे ऐकीव गोष्टीला प्रत्यक्षाचा दर्जा देणे होय. माझी पद्धत अशी आहे की ‘म्हणे’ किंवा ‘खंय’ आले की साक्षीदाराला तेथेच थांबवून ‘कोणी सांगितले?’ असे विचारावे. नाव मिळाले तर ‘अमक्याने मला सांगितले’ असे लिहावे; नाव मिळाले नाही तर ‘असे लोकांकडून ऐकले’ हे शब्द जबाबात स्पष्टपणे घालावेत, आणि खाली मराठी किंवा कोंकणी वाक्य देवनागरीत जसेच्या तसे उतरवून त्यावर साक्षीदाराची सही घ्यावी. काकींच्या जबाबाखाली त्यांचे मराठी वाक्य आणि त्यामागचा ‘कधी दिलेस?’ हा प्रश्न असा उतरवून ठेवलेला असता, तर लिस्बनमध्ये मराठी वाचणाऱ्या कोणालाही ‘दिलेस’मधल्या ‘स’वरून पैसे कोणी दिले ते कळले असते.